झुरळांसाठी वर्षाचा करार की लागेल तेव्हा पेस्ट कंट्रोल: एकाच इमारतीतल्या दोन फ्लॅटच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

डोंबिवली पूर्व, बावीस वर्षांची इमारत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, आई-बाबा पाचव्यावर. दोन्ही टू बीएचके एकाच रांगेत, म्हणजे स्वयंपाकघरावर स्वयंपाकघर आणि मागे पाइपांची डक्टही एकच. दोन्ही घरांत बारीक झुरळं झाली आहेत. रात्री दिवा लावला की ओट्यावरून पळतात, ट्रॉलीच्या कडेला मिरपूड सांडल्यासारखी त्यांची विष्ठा दिसते.

बाबांना वर्षाचा करार हवा आहे. मला वाटतं लागेल तेव्हा माणूस बोलवावा आणि पैसे द्यावेत. तीन दिवस वाद झाल्यावर ठरलं की त्यांनी करार करायचा, मी सुटं पेस्ट कंट्रोल करायचं, आणि वर्षभर दोन्हीकडचं लिहून ठेवायचं. दोन घरांवरून सगळ्यांसाठी नियम निघत नाही हे मला माहीत आहे. पण एकच इमारत, एकच डक्ट आणि जवळपास सारखाच स्वयंपाक अशी जोडी सहसा मिळत नाही, म्हणून नोंदी नीट ठेवणार आहे.

बाबांचा करार असा आहे: वर्षात तीन सर्व्हिस, दर चार महिन्यांनी एक. मध्ये त्रास झाला तर तक्रारीवर मोफत भेट. झुरळं आणि मुंग्या धरलेल्या आहेत, ढेकूण, वाळवी आणि उंदीर नाहीत. किंमत २,६०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,०६८. माझा माणूस एका वेळचे १,१०० घेतो. बिल देत नाही, महिनाभराची गॅरंटी तोंडी आहे.

९ जून, रविवार

आधी मोजणीची सोय केली. "कमी झाली" आणि "वाढली" हे डोळ्यांवर सोडलं तर वर्षाअखेरी पुन्हा वादच होईल. झुरळांचे तयार सापळे महाग पडतात, म्हणून उंदरांसाठी मिळणारा चिकट पुठ्ठा आणला आणि त्याचे तळहाताएवढे तुकडे कापले. प्रत्येक घरात पाच ठेवले: सिंकखाली, फ्रिजच्या मोटरपाशी, शेगडीखालच्या ट्रॉलीमागे, वॉटर प्युरिफायरखाली आणि बाथरूममध्ये. दर रविवारी मोजायचं आणि मोजलेल्या झुरळाभोवती पेनाने गोल करायचा, म्हणजे पुठ्ठा भरेपर्यंत बदलावा लागणार नाही. मुलगा सहा वर्षांचा आहे, त्यामुळे सगळे तुकडे त्याचा हात पोचणार नाही असे ठेवले.

१६ जून, रविवार

पहिला आठवडा. आमच्याकडे ४१, आईकडे ३६.

एक चूक झाली. फ्रिजजवळचा तुकडा मी भिंतीपासून वीतभर लांब ठेवला होता आणि त्यावर एकही झुरळ नव्हतं. बुधवारी तो भिंतीला टेकवून ठेवला, तर तीन रात्रींत नऊ चिकटली. झुरळ कडेकडेने, अंगाला काहीतरी टेकेल असं चालतं. उघड्या जमिनीवर ठेवलेला सापळा रिकामाच राहतो आणि घर स्वच्छ आहे असं वाटायला लागतं.

कोणतं झुरळ आहे तेही पाहून घेतलं. अर्धा इंचभर लांबीचं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा. हे जर्मन झुरळ. ते घरातच राहतं आणि घरातच वाढतं. मोरीतून येणारं मोठं लालसर उडणारं झुरळ वेगळं, त्याचा मुक्काम ड्रेनेजच्या चेंबरमध्ये असतो. आमच्या दोन्ही घरांत मिळून मोठं एकच सापडलं. म्हणजे लढाई स्वयंपाकघरात आहे, मोरीत नाही.

२२ जून, शनिवार

दोन्हीकडे एकाच दिवशी काम करून घेतलं.

आईकडे सकाळी अकराला टेक्निशियन आला. कंपनीने आदल्या दिवशी फोन करून ट्रॉल्या रिकाम्या करायला सांगितलं होतं. आई आणि मी मिळून दोन तास भांडी काढत होतो. त्याने बिजागऱ्या, ट्रॉल्यांच्या चॅनेलच्या कडा, सिंकखालचा पाइप आणि फ्रिजच्या मागची बाजू इथे जेलचे बारीक ठिपके दिले. मी मोजले, बावीस होते. फवारणी फक्त बाथरूममध्ये आणि मुख्य दाराच्या चौकटीला केली. पाऊण तास लागला. पावतीवर औषधाचं नाव आणि कंपनीचा परवाना क्रमांक छापलेला आहे. व्यावसायिक पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा हा क्रमांक पाहून घ्यावा.

आमच्याकडे चार वाजता माणूस आला. पाठीवर पंप, सगळ्या स्वयंपाकघरात कडेने फवारणी, जेल नाही. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, ह्याला वास नाही, काही काढायची गरज नाही, तीन दिवस लादी पुसू नका." पंधरा मिनिटांत गेला. बाटलीवर लेबल नव्हतं. मी तेव्हाच थांबवायला हवं होतं, पण माणूस दारात उभा आहे, पंप भरलेला आहे, तिथे मी गप्प बसले. निदान मुलाच्या माशांची टाकी आधीच प्लास्टिकने झाकून हवेचा पंप बंद केला होता. या फवाऱ्यांत बहुधा सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिनसारखं औषध असतं आणि ते माशांना फार घातक असतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांत नवे पुठ्ठे ठेवले.

३० जून, रविवार

आमच्याकडे ९, आईकडे १२. शिवाय आमच्या ओट्यावर पहिल्या दोन दिवसांत पस्तीसेक मेलेली झुरळं झाडून काढली. आईकडे मेलेली फारशी दिसलीच नाहीत. बाबा जरा हिरमुसले. या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी "अकराशेची फवारणीच बरी" असं सांगितलं असतं.

एक गोष्ट मात्र खटकली. बेडरूमच्या कपाटात दोन बारीक झुरळं दिसली. आधी तिथे कधीच नव्हती.

१४ जुलै, रविवार

आमच्याकडे गेल्या आठवड्यात १४ झाली होती, या आठवड्यात २७. आईकडे आधी ८, आता ५.

पुठ्ठा उजेडात धरून पाहिला. सत्तावीसपैकी वीसएक अगदी लहान, तिळाएवढी, गडद रंगाची पिल्लं होती. म्हणजे जुनी मेली आणि नवी जन्मली. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला घेऊन फिरते. एका डबीत तीस-चाळीस अंडी असतात, आणि डबी तयार झाल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर पडतात. फवाऱ्याचं औषध डबीच्या आत पोचत नाही. ज्या माद्या फटीत खोल बसल्या होत्या त्या वाचल्या. काही मरतानाही पिल्लं पिकलेली डबी टाकून गेल्या असतील.

आईकडेही अंडी फुटली असणारच. फरक एवढाच की तिथे पिल्लं बाहेर आली तेव्हा जेल जागेवर होतं. शिवाय जेल खाऊन मेलेल्या झुरळाची विष्ठा आणि प्रेत बाकीची झुरळं खातात, पिल्लं तर विष्ठेवरच वाढतात, आणि त्यांच्यापर्यंत औषध तसंही पोचतं. फवारणीचा जोर पहिल्या आठवड्यात असतो. जेलचं काम हळू चालतं, पण ते पुढच्या पिढीपर्यंत जातं. आणि बेडरूममधली झुरळं फवाऱ्यानेच तिकडे ढकलली असावीत, कारण या गटातली औषधं झुरळांना पळवून लावतात.

२१ जुलै, रविवार

आमच्याकडे ३१. आईकडेही वाढून ११.

आईचं कारण तासाभरात सापडलं. आषाढी एकादशीच्या आधी तिने खालच्या तिन्ही ट्रॉल्या फिनाइलच्या पाण्याने पुसल्या होत्या. तिथले जेलचे सगळे ठिपके गेले. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की तपकिरी ठिपके पुसायचे नाहीत, ते औषध आहे. बाबा उद्या तक्रार नोंदवणार आहेत.  

मी माझ्या माणसाला फोन केला. महिन्याची गॅरंटी संपली असं त्याचं म्हणणं. मी तारखा सांगितल्यावर "येतो" म्हणाला. आला नाही. नंतर फोनही उचलला नाही.

२८ जुलै, रविवार

आमच्याकडे २२, आईकडे ८. बाबांनी सोमवारी तक्रार नोंदवली होती, माणूस काल, शनिवारी आला. पाच दिवस लागले, पण आला, पैसे घेतले नाहीत आणि नुसत्या त्या तीन ट्रॉल्यांत पुन्हा जेल देऊन गेला.

चिडून मी मंगळवारी दुकानातून १९५ रुपयांचा फवाऱ्याचा डबा आणला आणि रात्री ट्रॉल्यांच्या फटींत मारला. आकडा थोडा उतरला. याची किंमत पुढच्या दोन आठवड्यांत भरावी लागली.

४ ऑगस्ट, रविवार

आमच्याकडे पुन्हा २६, आईकडे ३.

सोमवारी जेलची एक नळी ऑनलाइन मागवली होती, फिप्रोनिलची, ३० ग्रॅम, २९० रुपये. बुधवारी मुगाच्या दाण्याएवढे पंचवीस ठिपके दिले. आज टॉर्चने पाहिले तर ठिपके जसेच्या तसे, कुठेही खाल्ल्याची खूण नाही. आईकडचे ठिपके चौथ्या दिवशी अर्धे झाले होते.

दोष जेलचा नाही. मी ठिपके बरोबर त्याच फटींत दिले होते जिथे आठवड्यापूर्वी डब्यातलं औषध मारलं होतं. झुरळं त्या जागांना टाळतात, आणि फवारा जेलवर किंवा जेलखाली असला तर जेल त्यांना नकोसं होतं. दोन्ही औषधं एका जागी वापरली की मिळून एकाचंही काम होत नाही. हे मला नळीसोबतच्या कागदावर वाचायला मिळालं असतं. मी कागद वाचला नव्हता.

११ ऑगस्ट, रविवार

आमच्याकडे २४. आज सगळं पहिल्यापासून केलं. ट्रॉल्या रिकाम्या, प्रत्येक फट साबणाच्या पाण्याने दोनदा पुसली, पंखा लावून कोरडी केली. जुने ठिपके जुन्या डेबिट कार्डाने खरवडून काढले. मग नवे दिले, पण आंधळेपणाने नाही. आधी सगळे दिवे बंद करून अर्धा तास थांबले, आणि टॉर्च लावून झुरळं कुठून निघतात ते पाहिलं.

बहुतेक वॉटर प्युरिफायरच्या मागून येत होती. प्लग काढून प्युरिफायर भिंतीवरून उतरवला. मागच्या बाजूला, जिथे कायम कोमट आणि ओलसर असतं, तिथे काळ्या ठिपक्यांचा थर होता आणि रिकाम्या डब्या होत्या. पंधरा मिनिटांच्या फवारणीत तो माणूस या प्युरिफायरला हातही लावत नाही, आणि खरं तर त्यावर फवारा मारायलाही नको. ब्रशने झाडून, पुसून, भिंतीवरच्या ब्रॅकेटमागे चार ठिपके दिले. यंत्राच्या आत काही लावलं नाही.

दुसरी जागा फ्रिजची. मागचं मोटरचं खण, तळाशी पाणी साचतो तो ट्रे. तिथे तीन ठिपके. तिसरी शेगडीखालच्या ट्रॉलीच्या बिजागऱ्या.

दीड तास गेला. नळीतलं निम्मं जेलही संपलं नाही.

१ सप्टेंबर, रविवार

आमच्याकडे १८ ऑगस्टला १९, २५ ला ११, आज ६. आईकडे गेले तीन आठवडे एक किंवा दोन. गणपती शनिवारी येतायत, घरी पंधरा माणसं जेवायला असतील. या वेळी निदान रात्री ओट्यावर काही झाकून ठेवायची धडपड करावी लागणार नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

आमच्याकडे १, आईकडे ०. आता दर आठवड्याला मोजत नाही, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मोजेन.

इथपर्यंतचा हिशेब: आमचे १,१०० अधिक १९५ अधिक २९०, म्हणजे १,५८५. त्यातल्या २९० नेच काम केलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

करारातली दुसरी सर्व्हिस २२ ऑक्टोबरला येते. कंपनीकडून फोन आला नाही. बाबांनी केला तर दिवाळीच्या गर्दीमुळे तारीख नाही असं उत्तर मिळालं. ते आज आले, म्हणजे अठरा दिवस उशिरा. बाबांनी फोन केला नसता तर ही सर्व्हिस गेलीच असती असं मला वाटतं. तारखा आपण आपल्या फोनमध्ये लावून ठेवायच्या.

आज वेगळा मुलगा होता. आल्या आल्या कागद पुढे केला, "काका, इथे सही." बाबा सही करणार तेवढ्यात मी थांबवलं. मग त्याने पंप उचलला आणि स्वयंपाकघरात सरळ फवारायला लागला. मी म्हटलं, "दादा, इथे जेल लावायचंय ना? मागच्या वेळी तुमच्याच कंपनीने फवारा फक्त बाथरूममध्ये मारला होता." त्याने ऑफिसला फोन लावला, आणि मग बॅगेतून जेल निघालं. जेल लावायला वाकावं लागतं, वेळ जातो, आणि या मुलाला दिवसात सहा-सात घरं करायची असतात. त्याच्यावर राग नाही. पण करार केला म्हणजे काम बघत उभं राहायची गरज संपत नाही. सही काम झाल्यावर करायची.

दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही घरांतलं जुनं जेल धुऊन गेलंच होतं. आमच्याकडे मोजणीत ४ आली होती. माझ्या जुन्या नळीतून दहा ठिपके दिले, पंधरा मिनिटांचं काम, शून्य खर्च. नळीचं टोक घट्ट बंद करून काळोख्या कपाटात ठेवली होती, जेल अजून मऊ आहे.

१९ जानेवारी २०२५, रविवार

डिसेंबरात दोन्हीकडे ० ते १ होती. पण या महिन्याच्या ६ तारखेपासून चौथ्या मजल्यावर, म्हणजे आमच्या आणि आई-बाबांच्या बरोबर मधल्या घरात, स्वयंपाकघर तोडायचं काम सुरू झालं. जुना ओटा, जुनी लाकडी कपाटं, सगळं. तिथली झुरळं डक्टमधून वर आणि खाली गेली. आमच्याकडे १३, आईकडे १०. मोजणी पुन्हा दर आठवड्याला सुरू केली.

२६ जानेवारी, रविवार

आमच्याकडे १७, आईकडे ७. बाबांनी मंगळवारी तक्रार केली होती, गुरुवारी माणूस आला, मोफत. मी घरच्या नळीने काम भागवायचा प्रयत्न केला, पण संपत आलेल्या नळीत सहा-सात ठिपकेच निघाले आणि या वेळी झुरळं सिंकच्या मागे अशा जागी होती जिथे माझा हात पोचत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आमच्याकडे १२, आईकडे ४.

शुक्रवारी नवा माणूस बोलावला, १,२०० रुपये. या वेळी फोनवरच तीन गोष्टी विचारल्या: जेल लावणार का, औषधाची नळी लेबलसकट दाखवणार का, आणि तीन आठवड्यांनी याच पैशांत एकदा पाहायला येणार का. दोघांनी नकार दिला, तिसरा हो म्हणाला. त्याने सिंकचं खालचं पॅनेल उघडून मागे जेल लावलं. मला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली, कारण ही माणसं दहा ते सहामध्येच येतात. बाबा निवृत्त आहेत, त्यांना भेट कितीही वाजता चालते. ज्या घरात दिवसा कोणी नसतं तिथे हा खर्चही धरायला हवा.

कालच एक काम केलं जे जूनमध्ये करायला हवं होतं. सिंकचा पाइप जिथे भिंतीतून डक्टमध्ये जातो तिथे बोटभर मोकळी जागा होती. बारीक जाळी कोंबून वर व्हाइट सिमेंट भरलं. आईकडेही तसंच केलं. दोन्ही घरांचे मिळून १८० रुपये.

२३ फेब्रुवारी, रविवार

आमच्याकडे ९ तारखेला ५ होती, आज २. आईकडे १. काल करारातली तिसरी सर्व्हिस झाली, वेळेवर, आणि पहिला टेक्निशियनच आला होता. बाबांनी ऑफिसला तोच पाठवा असं सांगितलं होतं. माझा १,२०० वाला माणूसही काल कबूल केल्याप्रमाणे पाहून गेला, दोन ठिकाणी जेल पुन्हा लावलं.

चौथ्या मजल्यावरचं काम अजून चालू आहे, तरी आकडा वाढला नाही. हे जेलमुळे की भोक बुजवल्यामुळे हे मला वेगळं काढता येत नाही, कारण दोन्ही एकाच आठवड्यात झालं.

२७ एप्रिल, रविवार

आईकडे अचानक लाल मुंग्या, देवघराच्या कोपऱ्यात. करारात मुंग्या आहेत, तक्रार केली, चौथ्या दिवशी माणूस येऊन गेला. ही वर्षातली तिसरी मोफत भेट. आमच्याकडे मुंग्या नाहीत. झुरळं दोन्हीकडे ० ते १.

१ जून, रविवार

पाऊस या वर्षी लवकर आला. तीन रात्री मोठी झुरळं, मोरीतून. आईच्या बाथरूममध्ये चार, आमच्याकडे तीन. त्यांच्यावर घरातल्या जेलचा फारसा उपयोग झाला नाही आणि करारवाल्याने बाथरूममध्ये मारलेल्या फवाऱ्याचाही दोन दिवसांपलीकडे झाला नाही, कारण चेंबरमध्ये पाणी चढलं की ती पाइपातून वर येणारच. दोन्ही घरांत मोरीच्या जाळ्या बदलून घट्ट बसणाऱ्या घेतल्या. इमारतीच्या चेंबरमध्ये औषध टाकायचं काम सोसायटीचं आहे, तसं सेक्रेटरींना लिहून दिलं. हा खर्च आणि भोक बुजवल्याचे १८० दोन्ही बाजूंना सारखेच, म्हणून खालच्या हिशेबात धरलेले नाहीत.

१५ जून २०२५, रविवार: वर्षाचा हिशेब

आईकडे ३,०६८ रुपये. त्यात तीन ठरलेल्या भेटी आणि तीन तक्रारीच्या, म्हणजे सहा. एका भेटीला साधारण ५११. बाबांनी तक्रारी केल्या नसत्या तर तीनच भेटी, आणि एक भेट १,०२३ ला पडली असती. म्हणजे बाजारात सुटा माणूस जेवढे घेतो जवळपास तेवढीच. करारात खरी स्वस्ताई मधल्या भेटींची आहे. ज्या घरात कोणी फोन करून मागे लागणार नाही, तिथे फारसं काही वाचत नाही.

आमच्याकडे १,१०० अधिक १९५ अधिक २९० अधिक १,२००, म्हणजे २,७८५. करारापेक्षा २८३ रुपये कमी, आणि माझी अर्ध्या दिवसाची रजा त्यात नाही. यातले पहिली फवारणी आणि डबा मिळून १,२९५ वाया गेले, नुसते वाया नाही तर त्यांनी जुलै-ऑगस्ट खाल्ला. ते सोडले तर १,४९० मध्ये वर्ष निघालं असतं.

परिणामाचं माप मी असं घेतलं: पहिल्या कामानंतर किती आठवडे मोजणी दहा किंवा त्याहून जास्त आली. आईकडे ३, आमच्याकडे ११. आमच्या अकरापैकी आठ जुलै-ऑगस्टमधले आहेत. ते आठ आठवडे "सुटं" घेतल्यामुळे गेले असं म्हणणं बरोबर होणार नाही. जेल नसलेली फवारणी घेतल्यामुळे आणि तीन आठवड्यांनी कोणी पुन्हा पाहायला न आल्यामुळे गेले. जानेवारीत मात्र करार स्पष्ट सरस ठरला. आईकडे तक्रारीनंतर दोन दिवसांत माणूस आला, मला माणूस शोधून, विचारून, रजा टाकून आणायला जवळपास दोन आठवडे लागले.

आणि करारातलाही एक दोष लिहून ठेवते. चार-चार महिन्यांचं अंतर झुरळाच्या जन्माच्या हिशेबाने चुकीचं आहे. दुसरी भेट पहिल्यानंतर तीन आठवड्यांनी हवी, पिल्लं बाहेर पडतात तेव्हा. आईकडे मधली भेट मिळाली ती पाच आठवड्यांनी आणि फिनाइलच्या निमित्ताने, करारात लिहिली होती म्हणून नाही.

पुठ्ठ्यांचे वर्षभरात साडेसहाशे गेले. ते या नोंदींसाठी होते, दोन्ही हिशेबांतून बाहेर ठेवले आहेत.

२१ जून, शनिवार

कंपनीचा नूतनीकरणाचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला. या वर्षी २,८०० अधिक जीएसटी, म्हणजे ३,३०४. बाबा म्हणाले, "भेटी तीनच ठेवा, पण दुसरी पहिल्यानंतर एकवीस दिवसांनी आणि तिसरी दिवाळीच्या साफसफाईनंतर. आणि स्वयंपाकघरात फवारा नाही, हे कागदावर लिहा." पलीकडच्या बाईंनी विचारून सांगते म्हटलं, आणि संध्याकाळी तसं लिहिलेला कागद आला. बाबांनी सही केली. दोघांचं वय आणि वाकून जेल लावायचं काम पाहता त्यांच्यासाठी करारच ठीक आहे असं मलाही वाटतं.

आम्ही या वर्षी करार करत नाही. जेलची नवी नळी मागवली आहे, ३१० ला मिळाली. १,२०० वाल्या माणसाचा नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. उद्या सकाळी पाच पुठ्ठे ठेवायचे आहेत, प्युरिफायरमागचा सर्वांत आधी.